खांबाचा बकलिंग लोड उणे येतोय: सर्वांत लहान आयगेनव्हॅल्यूचं काय बिघडलं?

पारवा

तळाशी घट्ट धरलेला, वरचं टोक मोकळं असलेला सडपातळ खांब घेतलाय. वर भार वाढवत नेला तर कितीला तो बाजूला झुकेल हे सूत्राने माहीत आहे: `P = π²EI/(4L²)`, म्हणजे `EI/L²` च्या २.४६७ पट. हाच आकडा मला मॅट्रिक्सने काढून बघायचाय, कारण पुढे जाडी बदलत जाणारे खांब घ्यायचे आहेत आणि तिथे तयार सूत्र मिळेलच असं नाही.

समीकरण `EI y'' + P y = 0`. खांबाचे दहा सारखे तुकडे केले. वरच्या टोकाला नोड ०, तळाशी नोड १०. वर `y = 0` घेतलं. तळाशी स्लोप शून्य हवा म्हणून तळाच्या खाली एक काल्पनिक नोड धरून `y[11] = y[9]` ठेवलं, त्यामुळे शेवटच्या ओळीत -1 च्या जागी -2 येतो. `L` आणि `EI` दोन्ही १.

```python
import numpy as np
n = 10
A = 2*np.eye(n) - np.eye(n, k=1) - np.eye(n, k=-1)
A[-1, -2] = -2
w, v = np.linalg.eigh(A * n**2)
print(w[0])
```

उत्तर येतं -३०.९४. तुकडे वीस केले तर -१२३.८. उणे भार म्हणजे खांब ओढणं, आणि ओढलेला खांब बकल व्हायला काही कारणच नाही. उण्या आकड्याकडे दुर्लक्ष करून पहिला धन आकडा घेतला तर तो १४.४० आहे, त्याचाही २.४६७ शी काही संबंध दिसत नाही. समीकरण कागदावर परत परत तपासलं, ते बरोबर वाटतंय.

यासोबत एक प्रयोगही करायचा आहे. स्टीलची २० मिमी × ५ मिमी पट्टी, उंची १ मीटर, खालचं टोक व्हाइसमध्ये आवळलेलं, वर वजनं.

---

त्रिकोण

वरचं टोक मोकळं आहे म्हणता आणि तिथेच `y = 0` लावता? मोकळं टोक तर सगळ्यात जास्त हलणार. `y = 0` तळाशी हवं, जिथे खांब धरलाय. मूळ घोळ तिथे आहे.

---

वाटसरू९

एवढं मॅट्रिक्स कशाला? साधं स्टील २५० MPa ला यील्ड होतं. पट्टीचा छेद १०० चौ. मिमी. म्हणजे २५,००० न्यूटन, जवळजवळ अडीच टन. त्याला योग्य तो फॅक्टर लावा आणि मोकळे व्हा.

---

मेधा_स्थापत्य

वाटसरू, ही पट्टी अडीच टनाच्या जवळपासही जाणार नाही. पातळ बाजूने `I = 20×5³/12`, म्हणजे सुमारे २०८ मिमी⁴. `E` २०० GPa धरला तर `EI` येतो ४१.७ न्यूटन-मी². त्याला २.४६७ ने गुणलं की १०३ न्यूटन, म्हणजे साडेदहा किलोच्या आसपास. त्या वेळी स्टीलमधला ताण फक्त १ MPa असतो. स्टील दबून जायचा प्रश्नच येत नाही, सरळ उभं राहणंच त्याआधी संपतं. तुमचा हिशेब लागू व्हायचा तर हीच पट्टी साधारण ६४ मिमी एवढी आखूड करावी लागेल.

त्रिकोण, तुमची शंका रास्त आहे, पण पारवाने घेतलेलं `y` जमिनीपासून मोजलेलं नाही. ते मोजलंय भाराच्या रेषेपासून, आणि ती उभी रेषा वाकलेल्या खांबाच्या वरच्या टोकातून जाते. म्हणून वरच्या टोकाला `y` शून्यच. कुठल्याही छेदावरचा मोमेंट म्हणजे `P` गुणिले त्या रेषेपासूनचं अंतर, म्हणून समीकरण इतकं सुटसुटीत राहतं. तुम्ही म्हणता तसं तळापासून मोजलं तर मोमेंट `P(δ - y)` होतो, आणि `δ` म्हणजे टोक किती सरकलं ते, हे आपल्याला माहीत नसतं. ते अज्ञात उजव्या बाजूला लटकत राहतं आणि आयगेनव्हॅल्यूचं सरळ रूप हातातून निसटतं. तेव्हा पारवाच्या टोकाच्या अटी दोन्ही बरोबर आहेत.

पारवा, त्या -३०.९४ सोबत आलेला आकार, म्हणजे `v[:, 0]`, तळाकडून वर असा वाचून इथे टाका. नुसत्या आकड्यावरून मी काही म्हणणार नाही.

---

पारवा

सगळ्यांत मोठ्या किमतीने भागून देतोय. तळापासून वर: ०.८६६, १, ०.५७७, ०.३३३, ०.१९२, ०.१११... पुढे कमी कमी होत जवळजवळ शून्य. वीस तुकड्यांनाही तळाचे पाच-सहा आकडे हेच येतात.

---

मेधा_स्थापत्य

या आकड्यांत सगळं आहे. सर्वांत कमी भाराचा खरा आकार पूर्ण खांबभर पसरलेला असतो, पाव लाटेसारखा. तुमचा आकार तळाच्या तीन-चार नोडना चिकटून बसलाय. तुकडे वाढवले तरी तो लांबीच्या हिशेबात पसरत नाही, नोडच्या हिशेबात तेवढाच राहतो. शिवाय तुकडे दुप्पट केल्यावर आकडा चौपट झाला. म्हणजे एका तुकड्याची लांबी `h` धरली तर `P·h²` कायम आहे, सुमारे -०.३०९. खांबाचा खरा गुणधर्म तुकड्यांच्या संख्येवर असा चौपटीने अवलंबून राहू शकत नाही. हे तुमच्या जाळीच्या एका ओळीचं उत्तर आहे, खांबाचं नव्हे.

ती ओळ म्हणजे शेवटची. `np.linalg.eigh` हे फंक्शन मॅट्रिक्स सिमेट्रिक आहे असं गृहीत धरतं आणि ती तशी आहे का हे तपासत नाही. ते फक्त खालचा त्रिकोण वाचतं आणि वरचा त्याचंच प्रतिबिंब मानतं. तुमच्या मॅट्रिक्समध्ये शेवटच्या ओळीत -2 आहे, पण वरच्या बाजूला त्याच्या समोर -1 आहे. `eigh` ने तो -1 बघितलाच नाही, तिथेही -2 धरला. म्हणून तुम्ही लिहिलेली मॅट्रिक्स एक आणि सोडवली गेलेली दुसरी.

पडताळा हातानेही येतो. तळाच्या नोडवर त्या दुसऱ्या मॅट्रिक्सची ओळ आहे `-2·1 + 2·0.866`, म्हणजे -०.२६८. आणि -०.३०९ गुणिले ०.८६६ हेही -०.२६८. दुसरी मॅट्रिक्स अगदी बरोबर सुटली आहे. तुमची `np.linalg.eigvals` ला द्या आणि `.min()` घ्या, कारण तिथे आकडे क्रमाने येतीलच असं नाही. २.४६२ मिळायला हवं.

---

पारवा

मिळालं, २.४६२३. वीस तुकड्यांना २.४६६१. फरक बरोबर चौथ्या हिश्शावर येतोय. पण जाडी बदलणारे खांब आणि जास्त नोड घेतले की `eigvals` वापरायला नको वाटतं. मॅट्रिक्स सिमेट्रिक ठेवून हेच जमेल का?

---

त्रिकोण

सोपं आहे. काल्पनिक नोड `y[11] = y[9]` असा न घेता `y[11] = y[10]` घ्या. शेवटचे दोन नोड समान म्हणजे स्लोप शून्यच. मग शेवटची ओळ होते -1, 1. मॅट्रिक्स सिमेट्रिक, `eigh` ला काही अडचण नाही.

---

पारवा

केलं. उणा आकडा गेला. आता दहा तुकड्यांना २.२३४ आणि वीसला २.३४७ येतं. दिशा बरोबर आहे, पण आधीच्यापेक्षा बरंच वाईट. दहा तुकड्यांना साडेनऊ टक्के कमी?

---

मेधा_स्थापत्य

वीसला किती कमी ते बघा: पाच टक्क्यांच्या जरा आत. तुकडे दुप्पट केले आणि चूक निम्मी झाली. आधी ती पाव होत होती. चूक निम्मी होऊ लागली की मी आधी टोकाच्या ओळी तपासते, कारण मधल्या सगळ्या ओळी त्याच असतात आणि त्यांनी पावच व्हायला हवं. `y[11] = y[10]` म्हटल्यावर स्लोप शून्य होतो तो तळाच्या अर्धा तुकडा खाली. तुम्ही नकळत खांब अर्ध्या तुकड्याने लांब केलात, आणि दहा तुकड्यांत अर्धा तुकडा म्हणजे लांबीच्या पाच टक्के. भार लांबीच्या वर्गाने उतरतो, म्हणून साडेनऊ टक्के.

तरी त्रिकोण यांची मॅट्रिक्स टाकून देण्यासारखी नाही. ती जवळजवळ बरोबर आहे, फक्त उजवी बाजू अपुरी आहे. पारवाची मूळ शेवटची ओळ घ्या: `-2y[9] + 2y[10] = s·y[10]`, जिथे `s = P h²/EI`. तिला दोनने भागा. डावीकडे `-y[9] + y[10]` येतं, हुबेहूब त्रिकोण यांची ओळ. उजवीकडे मात्र `s/2` राहतो. त्याचा अर्थही सरळ आहे: मधला प्रत्येक नोड पूर्ण `h` लांबीचा प्रतिनिधी, तळाचा नोड अर्ध्या `h` चा. म्हणून दोन मॅट्रिक्स लागतात.

```python
from scipy.linalg import eigh
A[-1, -2], A[-1, -1] = -1, 1
B = np.eye(n)
B[-1, -1] = 0.5
w, v = eigh(A * n**2, B)
```

दोन्ही सिमेट्रिक, `B` धन, त्यामुळे सगळ्या आयगेनव्हॅल्यू खऱ्या आणि चढत्या क्रमाने मिळतील. `w[0]` म्हणजेच तुमचा भार. `eigh` च्या आधी `np.allclose(A, A.T)` ची एक ओळ मी नेहमी लिहिते.

---

पारवा

२.४६२३, आकडा जसाच्या तसा आला. आणि `v[:, 0]` आता वरून खाली हळूहळू वाढत तळाशी सपाट होतोय. धन्यवाद मेधाताई, तो अर्धा `B` मध्ये जातो हे डोक्यात आलं नव्हतं.

---

उंचखांब

माझा विषय थोडा वेगळा आहे पण याच्यातलाच वाटतोय. माझ्याकडे अँटेनासाठी एकात एक बसणाऱ्या नळ्यांचा खांब आहे. वरची अर्धी लांबी बारीक नळी, खालची अर्धी जाड, जाडीचा `I` बारीकच्या चौपट. मी सरासरी `I` घेतला, अडीच पट, आणि २.४६७ ने गुणून ६.१७ काढला, बारीक नळीच्या `EI/L²` मध्ये. एवढं पुरे ना?

---

त्रिकोण

पुरे. अर्धी-अर्धी लांबी आहे, सरासरीच योग्य.

---

मेधा_स्थापत्य

उंचखांब, तुमच्या मांडणीत सरासरी उत्तराच्या जवळ गेली आहे, पण तो योगायोग आहे. तुमच्या खांबाला योगायोगाने नेमकं उत्तरही मिळतं. वरच्या भागात `sin`, खालच्या भागात तळापासून मोजलेला `cos`, आणि सांध्यावर किंमत व स्लोप जुळवले की अट येते `tan(2u)·tan(u) = 2`, जिथे `u = (L/4)·√(P/EI)` आणि `EI` बारीक नळीचा. त्यातून `tan²u = 1/2`, आणि भार ६.०६. तुमचा ६.१७ त्याहून थोडा जास्त आहे, म्हणजे धोक्याच्या बाजूला.

आता तोच खांब उलटा करा: जाड भाग वर, बारीक तळाशी. सरासरी तीच अडीच, तीच ६.१७. अट मात्र होते `tan(2u)·tan(u) = 1/2`, `tan²u = 1/5`, आणि भार २.८३. निम्म्याहूनही कमी. खांब नुसता बारीक नळीचा असता तरी २.४७ मिळाला असता, म्हणजे वरच्या जाड नळीने जवळपास काहीच दिलं नाही. मोमेंट तळाशी सर्वांत जास्त असतो, तिथला `I` भाराला धरून ठेवतो. टोकाकडे मोमेंट शून्याकडे जातो, तिथल्या जाडीचा उपयोग थोडा. सरासरीला वर-खाली कळत नाही.

पारवाच्या मांडणीत हे फार कमी बदलांत बसतं. `A` ला हात लावायचा नाही. `B` च्या कर्णावर प्रत्येक नोडच्या जागी `I₀/I` लिहायचं. बारीक भागात १, जाड भागात ०.२५, तळाच्या नोडवर त्याचा अर्धा म्हणजे ०.१२५. सांध्यावरचा नोड अर्धा या नळीचा, अर्धा त्या नळीचा, म्हणून ०.६२५. दहा तुकड्यांना ६.०२ यायला हवं. सांध्यावर १ किंवा ०.२५ यांपैकी एकच लिहिलं तर उत्तर चुकलेलं दिसणार नाही, पण चूक पुन्हा पावऐवजी निम्म्याने उतरू लागेल. आणि सांधा दोन नोडच्या मध्ये पडला तरी तेच, म्हणून तुकडे असे पाडा की सांध्यावर नोड येईल.

---

उंचखांब

६.०२३ आलं. उलटं करून बघितलं तेही २.८ च्या आसपास. पण माझा सांधा काही एकजीव नाही. नळीत नळी सरकवून बोल्ट आवळलाय, हाताने हलवलं तर किंचित खुळखुळतो. ते कुठे धरायचं?

---

मेधा_स्थापत्य

ते या मॅट्रिक्समध्ये धरता येत नाही, निदान सरळपणे नाही. खुळखुळ संपेपर्यंत सांधा काहीच प्रतिकार करत नाही आणि मग एकदम करतो. त्याची एक ताठरता नसतेच. आयगेनव्हॅल्यूचं गणित सगळं काही प्रमाणात वाढतं असं मानून चालतं. तुमच्या बाबतीत खुळखुळ म्हणजे खांब सुरुवातीपासूनच तेवढ्या कोनात वाकडा आहे असं समजून वाढत जाणारा वाक काढणं हे जास्त खरं ठरेल. मी असते तर तो सांधा आधी घट्ट केला असता, मग हिशेब.

---

पारवा

प्रयोग झाला. वजनं थोडी थोडी वाढवत वरचं टोक किती सरकतं ते मोजलं. पट्टी आधीपासूनच किंचित वाकडी आहे, त्यामुळे अमुक भाराला एकदम झुकली असं काही होत नाही, सरकणं हळूहळू वाढत जातं. मग `δ/P` विरुद्ध `δ` असा आलेख काढला. बिंदू छान रेषेत आले आणि चढावरून भार ८६ न्यूटन निघाला. अपेक्षा १०३ ची होती. एवढा फरक कशाने?

---

वाटसरू९

पट्टीचं स्वतःचं वजन धरलंत का?

---

मेधा_स्थापत्य

चांगला प्रश्न. पट्टीचं वजन सुमारे ०.७८५ किलो, म्हणजे ७.७ न्यूटन. वर भार नसताना खांब केवळ स्वतःच्या वजनाने झुकायचा असेल तर ते वजन `EI/L²` च्या ७.८३७ पट लागतं. दोन्ही भार सोबत असताना सरळ रेषेतली अदलाबदल धरली तर ७.७ न्यूटनांचा परिणाम टोकावरच्या २.४ न्यूटनांएवढा होतो. म्हणजे १०३ चे १००.४ झाले. उरलेल्या चौदा टक्क्यांचं कारण वेगळं.

आलेख मात्र योग्य काढलात. साउथवेलने १९३२ मध्ये दिलेली हीच रीत. आधीचा वाकडेपणा त्यात रेषेच्या छेदात जातो, चढात येत नाही, म्हणून वाकडेपणाला इथे दोष देता येणार नाही.

माझा पहिला संशय व्हाइसवर आहे. कुठलंही व्हाइस पूर्ण ताठ नसतं, मोमेंट आला की जरासं फिरतं. ते `B` मध्ये एका आकड्याने येतं. तळाची ताठरता `c` असेल तर शेवटच्या कर्णावर ०.५ च्या जागी `0.5 + EI/(c·h)`. `c` अनंत केला की परत ०.५. नमुना म्हणून `cL/EI = 10` घ्या. दहा तुकड्यांत शेवटचा आकडा १.५ होतो आणि भार २.०३८ वर येतो, नेमकं उत्तर २.०४२. सतरा टक्के गेले. तुमच्या ८६ साठी `cL/EI` बारा-तेराच्या दरम्यान हवा.

---

त्रिकोण

पट्टीची जाडी खरंच ५ मिमी आहे का? `I` जाडीच्या घनाने जातो. ४.७५ मिमी असेल तर `I` चौदा टक्क्यांनी कमी, आणि सगळा फरक तिथेच संपला.

आणि दुसरं. वजनं टोकावर एकावर एक रचली असतील तर भार टोकावर नाहीच, तो त्या रचलेल्या वजनांच्या मध्यावर आहे. म्हणजे खांब तेवढा लांब झाला.

---

मेधा_स्थापत्य

दोन्ही मुद्दे बरोबर, त्रिकोण. वजनं टोकाशी घट्ट बसलेली असतील तर टोकाच्या वर त्यांचा मध्य `a` उंचीवर धरून लांबी जवळजवळ `L + a` होते. सगळा फरक यातूनच यायचा तर `a` ७८ मिमीच्या आसपास लागेल. पारवा, वजनं किती उंच रचली होती?

---

पारवा

एकूण ८ सेंटिमीटरच्या जवळपास, म्हणजे मध्य ४ सेंटिमीटरवर. जाडी फक्त फूटपट्टीने मोजली होती, मायक्रोमीटरने नाही.

---

मेधा_स्थापत्य

४ सेंटिमीटर म्हणजे `(1/1.04)²`, साडेसात टक्के. अर्धा फरक त्यात गेला. उरलेला अर्धा जाडीचा की व्हाइसचा, हे एकाच लांबीवरच्या आकड्यातून कधीच कळणार नाही, दोन्ही तेवढाच भार कमी करून दाखवू शकतात. लांबी बदलली की ते वेगळे होतात. जाडी कमी असेल तर अपेक्षित भाराशी असलेलं प्रमाण कुठल्याही लांबीला तेच राहील. व्हाइस फिरत असेल तर `c` तोच राहून `cL/EI` निम्मा होईल आणि प्रमाण आणखी घसरेल. अर्धा मीटर उंचीला ताठ तळाचा भार ४११ न्यूटन. सगळा चौदा टक्क्यांचा फरक जाडीचा असता तर ३५३ च्या आसपास मिळाला असता, सगळा व्हाइसचा असता तर ३०८ च्या आसपास. तुमचा आकडा या दोन टोकांच्या कुठे पडतो ते बघा, पण आधी वजनांची उंची काढून टाका, नाहीतर तीही आखूड पट्टीवर जास्त जोर दाखवेल आणि व्हाइससारखीच भासेल. टोकावर आडवी दांडी लावून दोन्ही बाजूंना वजनं अशी बसवा की सगळ्यांचा मध्य टोकाच्या पातळीवर येईल. ती लोंबकळू देऊ नका, दांडीलाच पक्की करा.

---

उंचखांब

माझी अँटेनाही टोकाच्या वर आहे, साधारण हातभर. तिच्या वजनाचं हेच होणार ना? ते मॅट्रिक्समध्ये कसं घालायचं?

---

मेधा_स्थापत्य

हो, तेच. आता टोकाला `y = 0` राहत नाही, शून्य होतं ते अँटेनाच्या वजनाच्या मध्यावर. म्हणून नोड ० हाही अज्ञात धरा, मॅट्रिक्स एका ओळीने मोठी होईल. पहिल्या ओळीत `A[0,0] = 1 + h/a` आणि `A[0,1] = -1`. `B[0,0]` अर्धा, कारण हाही टोकाचा नोड. `a` लहान करत नेलात की `h/a` प्रचंड होतो आणि `y[0]` आपोआप शून्याकडे ढकललं जातं, म्हणजे पारवाची मूळ अट परत येते. सिमेट्री कुठेच मोडत नाही. वाऱ्याचा भार यात नाही हे लक्षात ठेवा, अँटेनाच्या खांबाला बहुधा तोच आधी नडतो.

---

पारवा

आडवी दांडी बनवायला घेतली आहे आणि मायक्रोमीटर मिळालाय. जाडी तीन ठिकाणी मोजली: ४.८८, ४.९१, ४.८९. घनाने धरलं तर सहा-साडेसहा टक्के इथेच गेले. वजनांची उंची आणि ही जाडी मिळून जवळपास सगळा फरक भरतो, व्हाइससाठी फार काही उरत नाही. तरी अर्ध्या मीटरचा आलेख काढून आकडा इथे टाकतो.

---

त्रिकोण

टाकाच. व्हाइस अजिबात फिरत नाही हे मला पटत नाही. `E` २०० धरलाय, तो २०५ किंवा २१० असेल तर व्हाइसला तेवढी जागा परत मिळते.